बॉटलनेक कॅल्क्युलेटरचा आकडा किती खरा?

बॉटलनेक कॅल्क्युलेटर म्हणवणारी संकेतस्थळं तुम्हाला जेमतेम तीन गोष्टी विचारतात: प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं आणि पडद्याचं रिझोल्यूशन किती. बटण दाबलं की क्षणात उत्तर येतं. या जोडीत प्रोसेसर कमी पडतोय आणि बॉटलनेक इतके टक्के आहे. आकडा बहुधा दशांशासकट असतो, त्यामुळे तो कुठल्यातरी प्रयोगशाळेत मोजून आणल्यासारखा वाटतो. खाली नवा प्रोसेसर सुचवलेला असतो आणि अनेकदा तो विकत घेण्याचा दुवाही दिलेला असतो.

स्वतः पीसी जुळवणाऱ्यांचे मोठे खर्चाचे निर्णय या आकड्यावर ठरतात. समजा, एकाकडे रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आहे, सोबत जुनं जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आहे आणि आता त्याला आरटीएक्स ४०७० घ्यायचं आहे. कॅल्क्युलेटर सांगतो, प्रोसेसर या कार्डाला पुरा पडणार नाही. रायझन ५ ५६०० ज्या एएम४ सॉकेटवर बसतो, त्यावर एएमडीची त्यापुढची पिढी बसत नाही. म्हणजे प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदला आणि जुनी डीडीआर४ रॅम चालणार नाही म्हणून डीडीआर५ रॅमही घ्या. कार्डासाठी साठवलेले पैसे असे तीन ठिकाणी वाटले जातात आणि शेवटी कार्डच खालच्या प्रतीचं घ्यावं लागतं. हे सगळं ज्या आकड्यामुळे होतं, तो आकडा निघताना कोणी एकही गेम चालवून पाहिलेला नसतो.

आकडा किती खरा हे समजण्यासाठी पडद्यावर एक चित्र कसं तयार होतं ते पाहावं लागेल. गेममधलं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन हातांखालून जाते. आधी प्रोसेसर हिशेब करतो. खेळाडूने कुठली कळ दाबली, शत्रू कुठे सरकला, गोळी कशाला लागली, गर्दीतली माणसं कुठे चालली आहेत, आणि या सगळ्यातलं कॅमेऱ्याला काय दिसणार आहे. त्यानंतर तो ग्राफिक्स कार्डाला हुकूम सोडतो: ही भिंत काढ, तो माणूस काढ, त्याची सावली काढ. कार्ड ते हुकूम घेऊन लाखो ठिपके रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. एकाने पोळ्या लाटायच्या आणि दुसऱ्याने तव्यावर भाजायच्या, असं हे काम आहे. ताटात पोळी किती वेळाने पडेल, हे दोघांतला जो हळू असेल त्याच्यावर ठरतं.

हा वेळ मिलिसेकंदात मोजतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १०० हव्या असतील तर १० आणि १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. आता आपल्या उदाहरणातल्या जोडीवर एखादा गेम चालू आहे असं धरू. आकडे समजण्यापुरते सोपे घेतले आहेत. एका फ्रेमचा हिशेब करायला प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागतात आणि १०८०पी रिझोल्यूशनवर ती रंगवायला कार्डाला ७ लागतात. सेकंदाला १०० फ्रेम मिळतील. कार्ड प्रत्येक फ्रेममध्ये ३ मिलिसेकंद रिकामं बसेल आणि त्याचा वापर ७० टक्के दिसेल. याला प्रोसेसरचा बॉटलनेक म्हणतात, आणि तो इथे खराच आहे.

आता फक्त पडदा बदलू. १०८०पी म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार ठिपके. १४४०पी म्हणजे ३६ लाख ८६ हजार आणि ४के म्हणजे ८२ लाख ९४ हजार, पहिल्याच्या बरोबर चौपट. कार्डाचं काम ठिपक्यांबरोबर वाढतं, जरी अगदी त्याच प्रमाणात नाही. प्रोसेसरच्या कामात मात्र जवळजवळ फरक पडत नाही. शत्रू किती आहेत आणि कुठे चालले आहेत, हा हिशेब लहान पडद्यावरही तेवढाच असतो. म्हणून १४४०पीवर प्रोसेसर १० मिलिसेकंदांवरच राहील आणि कार्ड समजा ११ वर जाईल. फ्रेम मिळतील ९१, आणि आता कार्ड हळू ठरेल. ४केवर कार्डाला २२ मिलिसेकंद लागले तर फ्रेम ४५ आणि प्रोसेसर अर्ध्याहून जास्त वेळ रिकामा.

याच गणितात महागडा नवा प्रोसेसर घालून बघा. तो तोच हिशेब साडेसात मिलिसेकंदात करतो असं धरू. १०८०पीवर १०० च्या १३३ फ्रेम होतील आणि पैसे दिसतील. १४४०पीवर आधीही ९१ होत्या, आताही ९१ च. ४केवर आधीही ४५, आताही ४५. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम बदलूनही सरासरी फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या. रिझोल्यूशन विचारणारे कॅल्क्युलेटर एवढी दिशा बरोबर पकडतात, हे मान्य करायला हवं. पडदा मोठा केला की ते प्रोसेसरवरचा दोष कमी करत जातात आणि ते तत्त्व योग्यच आहे.

पण टक्का कशाचा, हे बहुतेक जण सांगत नाहीत. वरच्या १०८०पीच्या उदाहरणात कार्ड ३० टक्के वेळ रिकामं होतं, म्हणून बॉटलनेक ३० टक्के म्हणता येईल. प्रोसेसर कितीही वेगवान केला तर फ्रेम १०० वरून १४३ पर्यंत जातील, म्हणजे ४३ टक्के वाढतील. मग बॉटलनेक ४३ टक्के म्हणायचा का? समोरच्याचा पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला ६० च्या वरची फ्रेम त्याला पूर्ण दिसणारच नाही. त्याच्यासाठी बॉटलनेक शून्य म्हणावा लागेल. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे लिहिलेलं नसेल, तर १२ टक्के चांगले की वाईट हे ठरवायला काही आधारच उरत नाही.

त्या शून्य टक्क्याचा ध्यास तर मला फार चुकीचा वाटतो. दोघांपैकी एक जण नेहमी हळू असणारच. दोघांना प्रत्येक फ्रेमला तंतोतंत सारखा वेळ लागेल असं कुठलंही यंत्र नाही, कारण गेममध्ये दार उघडून बाहेर पाऊल टाकलं तरी दोघांची कामं बदलतात. उलट, प्रोसेसर हळू ठरत असेल तर कार्डाची रिकामी ताकद चित्र सुंदर करायला वापरता येते. वरच्या उदाहरणात सावल्या, प्रकाश आणि पृष्ठभागांची सेटिंग वाढवून कार्डाचं काम ७ वरून साडेनऊ मिलिसेकंदांवर नेलं, तरी फ्रेम १०० च राहतील. एवढंच ध्यानात ठेवायचं की काही सेटिंग प्रोसेसरवरही ओझं टाकतात. किती दूरवरच्या वस्तू दाखवायच्या, रस्त्यावर गर्दी किती ठेवायची, ही तशी सेटिंग आहेत. रे ट्रेसिंगमुळेही कार्डाबरोबर प्रोसेसरचं काम वाढतं.

मग कॅल्क्युलेटर आकडा काढतो कशावरून? बहुतेक ठिकाणी सूत्र उघड केलेलं नसतं. पण तो काय विचारतो यावरून त्याच्याजवळ काय असू शकतं याचा अंदाज बांधता येतो. गेम कोणता, सेटिंग काय, दृश्य कोणतं, हे त्याने विचारलंच नाही. उरतात फक्त दोन नावं. म्हणजे त्याच्याजवळ प्रत्येक प्रोसेसरला एक गुण आणि प्रत्येक कार्डाला एक गुण अशी यादी असणार, आणि तो त्यांचं काहीतरी प्रमाण काढत असणार. काही ठिकाणी गेमची नावंही निवडता येतात, पण त्या गेममध्ये ती विशिष्ट जोडी कोणी चालवून पाहिली आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. प्रोसेसर शेकडो आणि कार्डंही शेकडो. त्यांच्या सगळ्या जोड्या कोणी मोजणं अशक्यच आहे. तीच जोडी दोन-तीन संकेतस्थळांवर घालून पाहा. आकडे जुळले नाहीत, तर त्याचं कारण हेच आहे.

प्रोसेसरला एकच गुण देण्यात चूक कुठे होते, हे एएमडीच्याच दोन प्रोसेसरांत स्पष्ट दिसतं. रायझन ९ ५९००एक्समध्ये १२ कोअर आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये बाजारात आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये आठच आहेत आणि त्याचा कमाल वेगही कमी, ४.५ गिगाहर्ट्झ. सिनेबेंचसारख्या चाचणीत, जिथे सगळे कोअर एकदम कामाला लागतात, तिथे बारा कोअरवाला सहज पुढे जातो. पण ५८००एक्स३डीत प्रोसेसरच्या पोटातली जलद स्मृती, म्हणजे एल३ कॅश, ९६ एमबी आहे. गेमच्या हिशेबाला लागणारी माहिती वारंवार रॅममधून आणावी लागली की प्रोसेसर ताटकळतो. ती कॅशमध्येच मावली तर हे ताटकळणं कमी होतं. तो जाहीर करतानाच एएमडीने सांगितलं होतं की गेममध्ये तो आपल्याच ५९००एक्सपेक्षा सरासरी १५ टक्के वेगवान आहे, आणि स्वतंत्र चाचण्यांतही गेममध्ये तो पुढे राहिला. ज्या यादीत गुण सगळ्या कोअरच्या बेरजेवर ठरतात, तिथे हा क्रम उलटा लागतो.

ही चूक खालच्या किमतीतही होते आणि तिथे ती जास्त लोकांना भोवते. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५५०० दोन्ही सहा कोअरचे, नावंही सारखीच. पण पहिल्यात ३२ एमबी एल३ कॅश आहे, दुसऱ्यात १६. पहिला पीसीआय एक्स्प्रेस ४.० चालवतो, दुसरा ३.० वर थांबतो. कार्ड स्लॉटच्या सगळ्या सोळा मार्गिका वापरत असेल तर या शेवटच्या फरकाने फारसं बिघडत नाही. पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड फक्त चार मार्गिका वापरतं आणि त्यावर स्मृतीही चारच जीबी आहे. स्मृती अपुरी पडली की त्याला सारखं त्या अरुंद वाटेने रॅमकडे धावावं लागतं. जुन्या ३.० स्लॉटवर त्याचा वेग काही गेममध्ये चांगलाच घसरतो. इथे प्रोसेसर कमी पडत नाही आणि कार्डावरची चिपही कमी पडत नाही, दोघांमधला रस्ता कमी पडतो. केवळ नावं विचारणाऱ्याला हा रस्ता दिसत नाही.

त्याहून मोठी गडबड इंटेलच्या आर्क बी५८० या कार्डाच्या बाबतीत समोर आली. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलेलं हे कार्ड समीक्षकांना फार आवडलं. समीक्षक कार्ड तपासताना मुद्दाम सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात, आणि तशा चाचण्यांत ते एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०६० च्या बरोबरीचं किंवा पुढचं दिसलं. महिन्याभरात हार्डवेअर कॅनक्स आणि हार्डवेअर अनबॉक्स्ड या यूट्यूबवरच्या समीक्षकांनी तेच कार्ड जुन्या आणि मध्यम प्रोसेसरांवर चालवून पाहिलं. रायझन ५ २६०० वर ते फार मागे पडलं. आपल्या उदाहरणातल्या रायझन ५ ५६०० वरही काही गेममध्ये ते आरटीएक्स ४०६० च्या खाली गेलं. त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे गेमचे हुकूम कार्डाच्या भाषेत आणून देणारी प्रणाली, प्रोसेसरचा जास्त वेळ खात होता. प्रोसेसरला किती काम पडेल, हे कार्ड कोणत्या कंपनीचं आहे यावरही ठरतं. प्रोसेसरला एक गुण आणि कार्डाला एक गुण देऊन भागाकार करणाऱ्या सूत्रात या गोष्टीला जागाच नाही.

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न गेमचा. सायबरपंक २०७७ मध्ये पाथ ट्रेसिंग चालू केलं, तर प्रकाशाचा एकेक किरण हिशेबात घ्यायचा असल्याने आरटीएक्स ४०७० ची पूर्ण दमछाक होते. रायझन ५ ५६०० त्या वेळी कार्डाची वाट पाहत बसतो. बाल्डर्स गेट ३ मध्ये तिसऱ्या अंकात खेळाडू शहरात शिरतो. गजबजलेल्या रस्त्यांवरच्या प्रत्येक पात्राचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो आणि तिथे हाच प्रोसेसर मागे पडतो, कार्ड निवांत असतं. त्याच गेमच्या पहिल्या अंकात, मोकळ्या रानात, चित्र वेगळं असतं. काउंटर-स्ट्राइक २ खेळणारे सेटिंग मुद्दाम खाली ठेवून सेकंदाला तीनशे-चारशे फ्रेमच्या मागे असतात, म्हणजे तिथे फ्रेमला तीन मिलिसेकंद मिळतात आणि बहुधा प्रोसेसरच आधी थकतो. जोडी तीच, पडदाही तोच ठेवला, तरी बॉटलनेक इकडून तिकडे जातो. एकाच आकड्यात या तिन्ही खेळाडूंना उत्तर देता येणार नाही. सूत्र कितीही सुधारलं तरी ही मर्यादा जाणार नाही, कारण उणीव विचारलेल्या प्रश्नात आहे.

मग जोडी जुळवायची कशी? एक पद्धत आहे. तिला अर्धा तास लागतो, पण ती मोजलेल्या आकड्यांवर उभी असते. चांगले समीक्षक प्रोसेसर तपासताना सर्वांत ताकदवान कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पी ठेवतात, म्हणजे कार्ड आड येत नाही. त्यामुळे त्या गेममध्ये तो प्रोसेसर जास्तीत जास्त किती फ्रेम तयार करू शकतो ते कळतं. कार्ड तपासताना ते सर्वांत वेगवान प्रोसेसर लावतात, म्हणजे तिथे कार्डाची कमाल कळते. तुमच्या आवडीचे दोन-तीन गेम घ्या. प्रोसेसरच्या परीक्षणातून १०८०पीचा आकडा घ्या, कार्डाच्या परीक्षणातून तुमच्या रिझोल्यूशनचा आकडा घ्या. दोन्हींत जो लहान, तितक्या फ्रेम तुम्हाला साधारण मिळतील.

आपल्या उदाहरणातल्या माणसाचा पडदा १४४०पीचा आहे असं धरू आणि पुन्हा समजण्यापुरते आकडे घेऊ. पहिल्या गेममध्ये प्रोसेसरची मर्यादा ११० फ्रेम आणि कार्डाची ९५. मिळतील ९५, कार्ड पूर्ण वापरलं जाईल, प्रोसेसर बदलण्याची गरज नाही. दुसऱ्या, गर्दीच्या शहराच्या गेममध्ये प्रोसेसरची मर्यादा ७० आणि कार्डाची १००. मिळतील ७०. आता निर्णय त्याचा आहे. ७० फ्रेम त्याला पुरत असतील तर विषय संपला. पुरत नसतील तर मदरबोर्ड न बदलता त्याच एएम४ सॉकेटवर जास्त कॅशचा रायझन ७ ५७००एक्स३डी बसतो, तो वाजवी किमतीत मिळतो का ते पाहता येईल. कार्ड घेऊन चार महिने खेळून मग हे ठरवलं तरी काही बिघडत नाही, आणि मी तर तसंच करायला सांगेन.

हे आकडे जुळवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोन्ही परीक्षणांत सेटिंग सारखी हवीत. एकात रे ट्रेसिंग चालू आणि दुसऱ्यात बंद असेल तर तुलना फसते. दुसरं, डीएलएसएस किंवा एफएसआर वापरणार असाल तर रिझोल्यूशनचा हिशेब बदलतो. १४४०पीच्या पडद्यावर डीएलएसएस क्वालिटीवर ठेवलं की कार्ड प्रत्यक्षात ९६०पीचंच चित्र रंगवतं आणि मग ते मोठं करतं. म्हणजे कार्डाचं काम १०८०पीपेक्षाही हलकं होऊ शकतं आणि भार प्रोसेसरकडे सरकतो. १४४०पी पडदा आहे म्हणून प्रोसेसरची काळजी नाही, असं समजून चालणारे इथे चकतात. कॅल्क्युलेटरमध्येही ते १४४०पीच निवडतात आणि उत्तर आणखी दूर जातं.

यंत्र आधीच घरी असेल तर कोणालाच काही विचारायची गरज नाही, सरळ मोजता येतं. आधी व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करायची, नाहीतर दोन्ही भाग निवांत दिसतील. मग एमएसआय आफ्टरबर्नर किंवा इंटेलचं प्रेझेंटमॉन चालू ठेवून गेममधल्या जड ठिकाणी जायचं. ही दोन्ही साधनं फुकट आहेत. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड पूर्ण जुंपलेलं आहे. तो ६०-७० वर रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणून त्याच ठिकाणी पुन्हा पाहायचं. फ्रेम वाढल्या नाहीत तर प्रोसेसरच्या बाजूने अडतंय हे नक्की. प्रेझेंटमॉनमध्ये २०२३ पासून `GPU Busy` नावाचा आकडाही मिळतो. एका फ्रेममधले किती मिलिसेकंद कार्ड खरोखर कामात होतं ते त्यावरून समजतं आणि तो पूर्ण फ्रेमच्या वेळेशेजारी ठेवला की अंतर लगेच दिसतं. शॅडो ऑफ द टूम रेडर या गेममध्ये तर अंगभूत चाचणीच आहे. ती प्रोसेसरच्या आणि कार्डाच्या फ्रेम वेगळ्या दाखवते आणि किती टक्के वेळ कार्डामुळे अडलं हेही सांगते. टक्का हवाच असेल तर हा घ्या, कारण तो तुमच्या यंत्रावर, एका ठरावीक गेममध्ये मोजलेला असतो.

टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा आकडा मात्र फसवतो. रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. गेमचा मुख्य हिशेब बऱ्याचदा एकाच थ्रेडवर अडलेला असतो. तो एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास असतो. बाकीचे थ्रेड थोडं थोडं काम करत असतात, म्हणून एकूण आकडा ४० टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर अर्धा रिकामा आहे. तो रिकामा नसतो. कार्डाच्या वापराकडे बघितल्याशिवाय या ४० टक्क्यांचा अर्थ लागत नाही.

आणखी दोन कारणं प्रोसेसरच्या माथी मारली जातात, ती वेगळी काढायला हवीत. पहिलं कार्डावरच्या स्मृतीचं. आठ जीबीच्या कार्डावर पृष्ठभागांचं सेटिंग फार वर नेलं की स्मृती भरते, गेम अडखळतो आणि कार्डाचा वापरही खाली येतो. दिसायला हे प्रोसेसरच्या बॉटलनेकसारखंच दिसतं. पृष्ठभागांचं सेटिंग एक पायरी कमी करून अडखळणं थांबलं, तर दोष स्मृतीचा होता.

दुसरं कारण रॅमचं, आणि ते मला सर्वांत जास्त खटकतं, कारण ते बहुतेक वेळा अगदी थोड्या खर्चात सुटतं. नवा पीसी घेताना पुढे वाढवता येईल म्हणून १६ जीबीची एकच पट्टी घातली जाते. रायझन ५ ५६०० ला रॅमशी बोलायला दोन मार्ग आहेत, एका पट्टीत त्यातला एकच वापरला जातो. त्यात बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं राहून गेलेलं असतं. ३२०० वेगाची पट्टी २४०० किंवा २१३३ वर धावत असते. प्रोसेसर रॅमची वाट पाहत राहतो, कार्ड प्रोसेसरची, आणि कॅल्क्युलेटरची लाल पट्टी खरी वाटायला लागते. टास्क मॅनेजरमध्ये `Performance` आणि त्यात `Memory` उघडलं की `Speed` आणि `Slots used` असे दोन आकडे दिसतात. एकच स्लॉट भरलेला असेल किंवा वेग पाकिटावरच्यापेक्षा कमी असेल, तर प्रोसेसर बदलायचा विचार करण्याआधी दुसरी पट्टी आणि बायोसमधलं ते एक सेटिंग एवढंच करून पुन्हा मोजावं. प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये एवढ्यानेही फ्रेम स्पष्ट वाढतात, आणि सगळ्यात खालच्या फ्रेम, ज्यांच्यामुळे हाताला अडखळल्यासारखं वाटतं, त्या तर आणखी सुधारतात.

कॅल्क्युलेटर पूर्ण टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचा चार थ्रेडचा प्रोसेसर आणि आजचं महाग कार्ड अशी जोडी कोणी जुळवत असेल, तर त्याला थांबवण्याइतपत ते बरोबर असतात. इतक्या मोठ्या तफावतीत सूत्र ढोबळ असलं तरी चालतं. पाच टक्के की पंधरा टक्के, हा प्रोसेसर की त्याच्या शेजारचा, असा बारीक फरक मात्र त्यांच्या हाती लागत नाही. खरेदीचे बहुतेक निर्णय नेमके याच फरकावर अडलेले असतात. रायझन ५ ५६०० वर १४४०पी पडद्यासाठी आरटीएक्स ४०७० घेणाऱ्याने आपल्या दोन-तीन गेमची परीक्षणं पाहावीत, रॅमच्या दोन पट्ट्या आहेत का ते बघावं आणि कार्ड घ्यावं. प्रोसेसरचं काय करायचं ते त्या कार्डाचा वापर मोजून ठरवता येईल.